गिऱ्हाईक कोणाचे?

काही दिवसांपूर्वी कोल्हापूरचे एक ओळखीचे गृहस्थ माझ्याकडे एक कागद घेऊन आले. यांची लहानशी पेढी आहे. ओतकामाच्या कारखान्यांना, म्हणजे आपण ज्यांना फाउंड्री म्हणतो त्यांना, लागणारा माल ती पुरविते. साच्याच्या वाळूत मिसळायचे बेंटोनाइट, कोळशाची पूड, रेझिन, असल्या वस्तू. शिरोली, गोकुळ शिरगाव, तिकडे कुपवाड आणि खाली बेळगाव एवढ्या टापूत त्यांची चार माणसे फिरतात, कारखान्यांत जातात, मागणी आणतात. कागद होता नव्या विक्रेत्याच्या नेमणुकीच्या कराराचा, आणि त्यातले चौदावे कलम असे होते :

“नोकरी सोडल्यानंतर पाच वर्षेपर्यंत नोकराने भारतात कोठेही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, पेढीच्या कोणत्याही आजी, माजी अथवा भावी ग्राहकाशी कसलाही व्यवहार करता कामा नये, अगर स्पर्धक पेढीत नोकरी धरता कामा नये. भंग केल्यास दहा लक्ष रुपये दंड भरावा लागेल.”

गृहस्थ समाधानाने म्हणाले, “बघा वकीलसाहेब, कसं पक्कं केलंय! कुठं फट म्हणून ठेवली नाही.”

मी म्हटलं, “अहो, तीच तर अडचण आहे. हे कोर्टात एक दिवससुद्धा टिकायचं नाही.”

त्यांची भीती मात्र खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. वर्षापूर्वी त्यांचा एक माणूस गेला, आणि त्याच्या मागोमाग तीन महिन्यांत सहा कारखान्यांची मागणी गेली. कोणत्या फाउंड्रीत माल घेण्याचा निर्णय मालक करतो की वाळूखात्याचा फोरमन करतो, कोणाला किती दिवसांची उधारी चालते, कोणाला कोणत्या भावात माल पडतो, हे सारे त्या माणसाच्या डोक्यात होते. आणि ते त्याला पेढीच्या पगारावर, पेढीच्या भाड्याने फिरून कळले होते. तेव्हा ‘गिऱ्हाईक न वळविण्याचे कलम’, ज्याला वकील मंडळी नॉन-सॉलिसिटेशन क्लॉज म्हणतात, ते घालावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ते कसे घालावे एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी आधी कायदा काय म्हणतो ते पाहावे लागेल. आपल्याकडे करारांचा कायदा 1872 सालचा आहे. त्याचे 27 वे कलम थोडक्यात असे सांगते की, कोणालाही कायदेशीर धंदा, व्यापार वा व्यवसाय करण्यापासून अडविणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. इंग्लंडमध्ये न्यायाधीश विचारतात, हे बंधन वाजवी आहे का? आपल्या कलमात ‘वाजवी’ हा शब्द फक्त एकाच ठिकाणी येतो. कोणी आपला धंदा नावलौकिकासकट विकला, तर त्याला ठराविक हद्दीत तोच धंदा न करण्याची अट घालता येते, आणि ती हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे. नोकराला ही सवलत लागू नाही. म्हणून इंग्रजी नमुन्यांच्या पुस्तकातून कलम उतरवून घेणारे आपले मालक हमखास फसतात.

हे कलम किती कडक आहे ते 1874 साली कलकत्त्यात दिसले. भांड्यांचा धंदा करणारे दोघे एकाच वस्तीत होते. एकाने दुसऱ्याला सांगितले, तू या भागातले तुझे दुकान बंद कर, तू कारागिरांना आगाऊ दिलेले नऊशे रुपये मी तुला देतो. त्याने दुकान बंद केले. पैसे मात्र मिळाले नाहीत, म्हणून तो कोर्टात गेला आणि हरला. हायकोर्ट म्हणाले, बंधन एका मोहल्ल्यापुरते असले तरी ते बंधनच आहे, करारच रद्द आहे, मग पैसे कसले मागता? तेव्हापासून आपल्याकडे सूत्र असे झाले की, बंधन लहान आहे एवढ्याने ते वाचत नाही.

आता आपण विचाराल, मग मुदत आणि हद्द वाजवी ठेवण्याचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, पण तो जरा आडवाटेने येतो.

धंदा करू नकोस असे सांगणे निराळे, आणि माझ्या गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन त्याला ओढू नकोस असे सांगणे निराळे. हा फरक वकिलांनी शोधून काढलेला नाही, कायद्यानेच तो केलेला आहे. भागीदारीचा 1932 सालचा कायदा काढून पाहा. त्याच्या 36 व्या कलमात म्हटले आहे की, बाहेर पडलेल्या भागीदाराने जुन्या पेढीशी स्पर्धा करणारा धंदा खुशाल करावा, त्याची जाहिरातही करावी. मात्र वेगळा करार नसेल तर त्याने पेढीचे नाव वापरू नये, आपण पेढीतर्फे धंदा करतो असे दाखवू नये, आणि तो बाहेर पडण्यापूर्वी जे पेढीशी व्यवहार करीत होते त्यांच्याकडे गिऱ्हाइकीची याचना करू नये. स्पर्धा मोकळी, याचना बंद. हे कलम भागीदारांसाठी आहे, नोकरांसाठी नाही, हे खरे. पण नोकराचे कलम लिहिताना हाच फरक डोळ्यांसमोर ठेवावा. कलम जितके अरुंद, तितके ते ‘धंद्याला बंदी’ न वाटता ‘गैरफायद्याला बंदी’ वाटते. दिल्ली हायकोर्टाने 2009 साली एका प्रकरणात नोकराला स्पर्धक कंपनीत काम करण्यापासून अडविण्याचे नाकारले. पण जुन्या मालकाचे ग्राहक आणि माल पुरविणारे यांच्याकडे स्पर्धेच्या धंद्यासाठी जाऊन याचना करू नकोस, एवढा मनाईहुकूम मात्र दिला. कलम रुंद करीत गेलात की आपण त्या पहिल्या भागात जाता.

तेव्हा आमच्या गृहस्थांचा कागद पुढे घेऊन आम्ही बसलो आणि एकेक शब्द तपासू लागलो.

पहिली काट मारली ती ‘स्पर्धक पेढीत नोकरी धरता कामा नये’ या वाक्यावर. नोकरी चालू असेपर्यंत दुसऱ्याचे काम करू नये अशी अट चालते. 1967 साली सुप्रीम कोर्टाने कल्याणच्या एका गिरणीच्या प्रकरणात ते स्पष्ट केले. तिथला पर्यवेक्षक पाच वर्षांच्या कराराने बांधलेला होता. टायरला लागणाऱ्या धाग्याचे तंत्र शिकून तो मुदत संपण्याआधीच कोट्याच्या दुसऱ्या गिरणीत गेला, आणि कोर्टाने त्याला कराराच्या उरलेल्या मुदतीपुरते अडविले. पण तिथे मुदत चालू होती, हे विसरू नये. नोकरी संपल्यानंतर ज्याला चार वर्षे बेंटोनाइटखेरीज दुसरे काही विकता येत नाही, त्याने काय विकावे? हे वाक्य ठेवले असते तर शेजारचे चांगले वाक्यही त्याच्या संगतीने संशयात सापडले असते. कलम 27 ‘तेवढ्यापुरता’ रद्द म्हणते हे खरे. पण तेवढे कापून काढता यावे म्हणून प्रत्येक बंधन वेगळ्या पोटकलमात, वेगळ्या वाक्यात असावे लागते. एकाच वाक्यात सारे कोंबले तर न्यायाधीश आपल्यासाठी ते नव्याने लिहून देत नाहीत.

मग आला शब्द ‘ग्राहक’. आजी, माजी आणि भावी! भावी ग्राहक म्हणजे सगळे जग. माजी म्हणजे दहा वर्षांपूर्वी एक पोते घेतलेलाही आला. मी विचारले, “या नव्या माणसाला आपण किती कारखाने देणार?” म्हणाले, “चाळीसेक.” “आणि बाकीच्या तीन विक्रेत्यांच्या गिऱ्हाईकांशी याचा संबंध?” “काही नाही.” मग ज्यांचे तोंड त्याने पाहिले नाही, त्यांच्याकडे जाण्याची त्याला बंदी कशासाठी? त्यांच्या बाबतीत तो इतर कोणाही परक्या विक्रेत्यासारखाच आहे. तेव्हा व्याख्या अशी केली : नोकरी संपण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत ज्यांच्याशी त्याने पेढीतर्फे स्वतः व्यवहार केला, असेच ग्राहक. आणि आणखी एक वगळणूक ठेवली. तो येतानाच ज्या पाच-सात कारखान्यांशी त्याची ओळख होती, त्यांची यादी नेमणुकीच्या वेळीच जोडायची, आणि त्यांना बंदी लागू करायची नाही. गृहस्थ जरा कुरकुरले. पण जे गिऱ्हाईक तो घेऊन आला ते परत नेण्याला हरकत घेणे कोणत्याही कोर्टाला पटणार नाही.

हद्दीची गोष्ट येथे आपोआप सुटते असे वाटेल. ग्राहक ठरले, मग गाव कशाला? बहुतेक ठिकाणी तसेच आहे, आणि ‘भारतात कोठेही’ हे शब्द म्हणूनच निव्वळ नुकसान करतात. पण एका जागी हद्द खरोखर उपयोगी पडते. समजा, एकाच मालकाची एक फाउंड्री शिरोलीला आहे आणि दुसरी पुण्याजवळ. आमचा विक्रेता फक्त शिरोलीला जात होता. पुण्याच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी वेगळा, वाळू वेगळी, माल घेण्याची रीत वेगळी. मग बंदी ‘त्या कंपनीला’ लागू करायची की ‘त्या कारखान्याला’? वाजवी उत्तर आहे : कारखान्याला. म्हणून आम्ही ग्राहक या शब्दापुढे ‘ज्या कारखान्यात त्याने व्यवहार केला त्या कारखान्यापुरते’ असे शब्द घातले. हद्द नकाशावरून काढायची नसते, माणसाच्या फिरतीवरून काढायची असते.

मुदतीवर सर्वांत जास्त वाद झाला. पाच वर्षांवरून ते दोनवर आले आणि तिथे अडून बसले. मी म्हटलं, “ठीक आहे. पण उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हाला विचारतील, दोनच का? तीन का नाही, एक का नाही? काय सांगाल?” याचे उत्तर धंद्यातूनच काढावे लागते. आम्ही हिशेब मांडला. जुना माणूस गेल्यावर नवा मिळायला दोन महिने. महिन्याला प्रत्येक कारखान्यात एक फेरी; ओळख बसायला, एखादी नमुन्याची खेप चालवून दाखवायला चार फेऱ्या. झाले सहा महिने. दुसरीकडून पाहिले तर त्यांचे भाव दर तिमाहीला बदलतात, म्हणजे जाणाऱ्याच्या डोक्यातले भाव दोन तिमाहींत शिळे होतात. तोही आकडा सहा महिन्यांचाच. दोन निराळ्या वाटांनी एकच आकडा आला की मला बरे वाटते. ज्यांचे दर वर्षाच्या कराराने बांधलेले असतात अशा धंद्यात बारा महिन्यांचेही समर्थन करता येईल. पण ते समर्थन कागदावर दाखविता आले पाहिजे.

आता खरे नाजूक काम : ‘व्यवहार’ हा शब्द काढून ‘याचना’ किंवा ‘वळविणे’ हा शब्द घालणे, आणि त्याचा अर्थ सांगणे. गिऱ्हाईक आपल्या पायाने नव्या पेढीत आले, तर विक्रेत्याने त्याला दाराबाहेर काढावे काय? तशी अट घातली तर ती गिऱ्हाईकालाच बांधल्यासारखी होते, आणि गिऱ्हाईकाने तर काही सहीच केलेली नाही. मद्रास हायकोर्टाने 2013 साली म्हटले की, याचना झाली की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. प्रतिवादी जुन्या ग्राहकांकडे गेला आणि त्या जाण्यामुळेच त्यांनी मागणी दिली, हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. म्हणून कोणते कृत्य बंद आणि कोणते खुले, हे कलमातच लिहावे. स्वतः जाऊन, फोन करून किंवा व्यक्तिगत संदेश पाठवून मागणी मागणे बंद. वर्तमानपत्रातील सर्वसाधारण जाहिरात, जाहीर निविदेला दर भरणे, नवी नोकरी धरल्याची वार्ता मोबाईलवर सर्वांसाठी टाकणे, ही खुली.

जुन्या कागदात आणखी एक शब्द होता, साधा दिसणारा, पण घातकी. ‘नोकरी सोडल्यानंतर.’ 1980 साली सुप्रीम कोर्टात दिल्लीच्या एका शाखाधिकाऱ्याचे प्रकरण आले. त्याच्या करारात, कंपनी सोडल्यावर दोन वर्षे, शेवटच्या नेमणुकीच्या गावी स्पर्धा करायची नाही, असे कलम होते. दोन वर्षे आणि एकच गाव. इंग्लंडात कदाचित टिकलेही असते. पण त्या माणसाने नोकरी सोडली नव्हती, कंपनीने त्याला काढले होते. बहुमताने न्यायमूर्ती म्हणाले, ‘सोडणे’ म्हणजे आपणहून सोडणे. हे कलम येथे लागूच होत नाही. न्यायमूर्ती सेन यांनी तर स्वतंत्रपणे पुढे जाऊन सांगितले की, कलम 27 पुढे असे बंधन वाजवी असले तरी रद्दच आहे. एका क्रियापदावर मालक हरला! म्हणून आम्ही ‘नोकरी कोणत्याही कारणाने संपल्यावर’ असे लिहिले, आणि लगेच अपवाद जोडला : पेढीने त्याचा दोष नसता त्याला कमी केले तर बंदी लागू नाही. हा अपवाद माझ्या हट्टाने आला. आपणच माणसाला घरी पाठवायचे आणि वर त्याच्या ओळखीची दारेही बंद करायची, हे न्यायाधीशालाच काय, मलाही पटत नाही.

दहा लाखांच्या दंडाबद्दल थोडक्यातच सांगतो. 1872 च्याच कायद्याचे 74 वे कलम म्हणते की, करारात आकडा लिहिला असला तरी कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी देते. तेवीस हजार पगाराच्या माणसावर दहा लाखांचा आकडा धाक घालण्यापुरता असतो, आणि तो धाक आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळते. आम्ही आकडा काढून टाकला आणि ‘प्रत्यक्ष झालेले नुकसान’ एवढेच ठेवले.

शेवटी कलम असे झाले :

“(अ) नोकरी कोणत्याही कारणाने संपल्यावर सहा महिनेपर्यंत, विक्रेता हा नोंदीतील ग्राहकाकडे स्वतः जाऊन, फोनवरून वा व्यक्तिगत संदेशाने, पेढी पुरविते त्याच प्रकारच्या मालाची मागणी मागणार नाही. (आ) नोंदीतील ग्राहक म्हणजे नोकरी संपण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत विक्रेत्याने पेढीतर्फे ज्याच्याशी स्वतः व्यवहार केला असा ग्राहक, आणि तोही ज्या कारखान्यात व्यवहार केला त्या कारखान्यापुरता. सोबतच्या यादीतील ग्राहक यात येत नाहीत. (इ) सर्वसाधारण जाहिरात, जाहीर निविदा, आणि ग्राहकाने आपणहून केलेल्या चौकशीला दिलेले उत्तर, यांस ही बंदी नाही. (ई) विक्रेत्याचा दोष नसता पेढीने त्यास कमी केल्यास हे कलम लागू नाही. (उ) विक्रेत्यास दुसऱ्या कोणत्याही पेढीत नोकरी करण्यास वा स्वतःचा धंदा करण्यास या कलमाने प्रतिबंध नाही.”

शेवटचे पोटकलम वाचून गृहस्थ म्हणाले, “हे तर त्याच्याच बाजूचं झालं की!” वरवर तसे दिसते खरे. पण ‘हा धंद्याला प्रतिबंध आहे’ असा आक्षेप येईल तेव्हा आपल्या वकिलाला हेच वाक्य पुढे करता येते.

भावांची, उधारीची माहिती बाहेर नेऊ नये, हे वेगळे कलम करावे. ते येथे मिसळू नये. मात्र गिऱ्हाईकांची नावे-पत्ते हेच मोठे गुपित असे समजू नका. दिल्ली हायकोर्टाने 2006 साली एका बँकेच्या प्रकरणात तो दावा मानला नाही. आणि शिरोलीत कोणत्या फाउंड्र्या आहेत हे तर रस्त्यावरच्या पाट्यांवरच लिहिलेले आहे.

जाणारा माणूस आपल्या सोबत्यांनाही फोडून नेतो, म्हणून त्याबद्दलही कलम घालतात. तेही वळविण्यापुरतेच असावे. ‘आमचा माणूस नव्या पेढीने घेऊच नये’ असे लिहिले तर ज्याने काहीच केले नाही त्या तिसऱ्याची भाकरी अडते. येथे जाहिरातीचा मात्र जरा विचार करावा. दोन कंपन्यांमधल्या अशाच कराराच्या एका प्रकरणात, तेही 2006 सालचे आणि दिल्लीचेच, एका कंपनीने जाहिरात अशी दिली की, अर्जदाराला आमच्याच यंत्रांचा अनुभव हवा. तो अनुभव मुख्यतः दुसऱ्या कंपनीच्या माणसांनाच होता. कोर्टाने ती याचनाच मानली; पण त्या माणसांना नव्या नोकरीपासून अडविले नाही, प्रश्न भरपाईचा ठेवला.

एवढे करूनही हे कलम कोर्टात उभे राहीलच असे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही, आपणांसही सांगत नाही. न्यायालयांचा कल एकसारखा नाही, आणि मुख्य अडचण पुराव्याची असते. गिऱ्हाईक आपल्याकरिता साक्षीला येत नाही. त्याला दोघांशीही वाईटपणा नको असतो. मग पाहावे लागते ते कागदांकडे. नव्या पेढीच्या पहिल्या दरपत्रकाची तारीख कोणती, आणि त्यात गिऱ्हाईकाच्या चौकशीचा क्रमांक आहे काय? चौकशीच नाही आणि दरपत्रक आधीच गेले, तर पाऊल कोणी उचलले ते दिसते. आणि सहा महिने उलटल्यावर मनाईहुकूम मागण्यात काही उरत नाही, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत नोटीस गेली पाहिजे.

त्यासाठी एक साधी व्यवस्था आम्ही ठरविली. माणूस जाईल त्या दिवशी, हिशेब चुकता करतानाच, बिलांच्या वहीवरून त्याच्या बारा महिन्यांच्या कारखान्यांची यादी काढायची, त्याला दाखवायची, एखादे नाव चुकीचे असेल तर त्याच्या देखत खोडायचे, आणि दोघांनी खाली सही करून एक प्रत त्याच्या हातात द्यायची.